कोलंबोत स्कॅन, परळच्या खात्यातून रुपये: एका क्यूआरमागची जोडणी

प्रश्न: पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन श्रीलंकेला चाललोय. तिथल्या दुकानातल्या क्यूआरवर आपल्या यूपीआय ॲपने पैसे देता येतात म्हणे. माझं खातं परळच्या बँकेत, आपल्या रुपयात. दुकानदाराचं खातं कोलंबोत, त्यांच्या रुपयात. एका स्कॅनमध्ये हे जमतं कसं? आणि मध्येच अडकलं तर माझे पैसे नेमके कुणाकडे असतात?

उत्तर:

स्टिकर वाचणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरा पेच भरवशाचा आहे. कोलंबोतल्या हॉटेलवाल्याने तुमच्या बँकेचं नावही ऐकलेलं नसतं, आणि तुमच्या बँकेला तो हॉटेलवाला ठाऊक नसतो. तरी जेवण झाल्यावर तो तुम्हाला जाऊ देतो. कारण त्याच्या स्वतःच्या बँकेने त्याला सांगून ठेवलेलं असतं की आमच्याकडून 'पैसे आले' असा निरोप आला की ती रक्कम तुझी, समोरचा माणूस कुठलाही असो. दोन देश जोडायचे म्हणजे हा शब्द कोण कुणाला देणार आणि तो पाळायला लागणारे पैसे आधीच कुठे ठेवणार, हे ठरवायचं.

त्यामुळे दोन साखळ्या वेगळ्या धरा. एक निरोपाची, ती काही सेकंदांत पुरी होते. दुसरी पैशाची, ती नंतर गठ्ठ्याने चालते. जुन्या मुंबईतल्या हुंडीसारखंच: कागद पुढे जायचा, दुसऱ्या गावची पेढी रक्कम चुकती करायची आणि दोन पेढ्या आपला हिशेब सवडीने मिटवायच्या.

तुम्ही श्रीलंकेला चालला आहात म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. तिथे यूपीआय १२ फेब्रुवारी २०२४ला सुरू झालं. आपल्याकडून एनपीसीआय इंटरनॅशनल, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची एप्रिल २०२०मध्ये स्थापन झालेली मुंबईतली उपकंपनी, आणि तिकडून लंकापे ही तिथली पेमेंट संस्था. नेपाळ, दुबई किंवा पॅरिसला पलीकडची संस्था वेगळी, दर कोण देतो ते वेगळं आणि हिशेबाचं चलनही वेगळं असू शकतं. सांगाडा बराचसा हाच. सिंगापूरबद्दल मात्र एक गोंधळ नेहमी होतो. फेब्रुवारी २०२३मध्ये यूपीआय आणि तिथलं पेनाऊ जोडलं गेलं ते माणसाने माणसाला पैसे पाठवण्यासाठी, मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी वापरून. दुकानातल्या क्यूआरची जोडणी ही निराळी गोष्ट आहे.

स्टिकरमध्ये काय लिहिलेलं असतं

दादरच्या फुलबाजारातल्या स्टिकरमध्ये बहुतेक वेळा अशी एक ओळ असते:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=DUKAN&cu=INR
```

यात यूपीआय आयडी, नाव आणि चलन एवढंच आहे. हा पत्ता फक्त यूपीआय ओळखणाऱ्या ॲपलाच कळतो. श्रीलंकेचा राष्ट्रीय क्यूआर, ज्याला तिथे लंकाक्यूआर म्हणतात, ईएमव्हीको या संस्थेच्या मानकावर बेतलेला आहे. त्यात एकामागून एक खाने असतात: दोन अंकांचा खान्याचा क्रमांक, दोन अंकांची लांबी आणि मग मजकूर. समजायला सोपं जावं म्हणून मधे जागा सोडून लिहितो. प्रत्यक्षात सगळं सलग असतं.

```
00 02 01
01 02 11
26 .. ....
52 04 5812
53 03 144
58 02 LK
59 11 SAMPLE CAFE
60 07 COLOMBO
63 04 ....
```

`01`मध्ये `11` म्हणजे कायमचा स्टिकर, रक्कम तुम्ही टाकायची. `12` असेल तर तो त्या बिलापुरता बनवलेला कोड. `52` हा धंद्याचा प्रकार, `5812` म्हणजे खाणावळ. `53` हे चलन, `144` म्हणजे श्रीलंकेचा रुपया. आपला `356`. `58` हा देश. शेवटच्या `63`मध्ये आधीच्या सगळ्या मजकुरावरून काढलेली चार अक्षरांची पडताळणी असते. स्टिकर खरवडला जाऊन एखादा ठिपका चुकीचा वाचला गेला तर ही पडताळणी जुळत नाही आणि ॲप तिथेच थांबतं.

महत्त्वाचा खाना `26`चा. `26` ते `51` हे खाने देशोदेशीच्या पेमेंट योजनांसाठी मोकळे ठेवले आहेत. त्यात योजनेची ओळख आणि त्या योजनेतला दुकानदाराचा क्रमांक असतो. तुमचं ॲप `58` आणि `53` पाहून 'हे आपल्या देशातलं नाही' एवढं ओळखतं. `26`मधला क्रमांक कुणाचा, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. इथेच लोक फसतात. ॲपने कोड वाचला, दुकानाचं नावही दाखवलं, म्हणजे पैसे जाणारच असं नाही. वाचता येणं मानकामुळे होतं, पैसे जाणं करारामुळे. दुकानदाराची बँक या जोडणीत उतरलेली नसेल तर त्याच गल्लीत, त्याच छापाच्या दोन स्टिकरांपैकी एक चालेल आणि दुसऱ्यावर 'हा क्यूआर स्वीकारला जात नाही' असं काहीतरी येईल. त्यात तुमच्या ॲपचा दोष नसतो. पुनःपुन्हा स्कॅन करून उपयोग नाही.

पैसे कापण्याआधीची विचारणा

देशातल्या यूपीआयमध्ये रक्कम टाकली, पिन दिला, झालं. परदेशी क्यूआरला मधे एक जादा फेरी असते. ॲप कोडचा मजकूर आपल्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे पाठवतं, तिथून तो लंकापेकडे आणि दुकानदाराच्या बँकेकडे जातो. तिकडून उत्तर येतं की दुकानदार चालू आहे, त्याचं नोंदलेलं नाव हे, चलन हे. याच फेरीत विनिमय दर आणि तुमच्या बँकेचा वरचा टक्का जोडला जातो. मगच पिनच्या आधीच्या पडद्यावर दोन्ही आकडे दिसतात, त्यांच्या रुपयातला आणि आपल्या रुपयातला.

हा पडदा घाईत ओलांडू नका. त्यावरचं नाव दुकानदाराच्या बँकेच्या नोंदीतून आलेलं असतं, स्टिकरमधून उचललेलं नसतं. काउंटरवरच्या स्टिकरवर कुणी आपला स्टिकर चिकटवला असेल तर ते इथेच कळतं. दुसरं म्हणजे, चलन दोन्हीकडे 'रुपये'च आहे. वेटर 'साडेतीन हजार रुपये' म्हणतो ते त्यांचे. घरातला एखादा माणूस मनातल्या मनात आपल्या रुपयात रूपांतर करून हजार टाकतो, मग कमी पैसे गेले म्हणून काउंटरवर वाद होतो. रक्कम नेहमी बिलावरची, त्यांच्या चलनातली टाकायची. नेपाळ आणि मॉरिशसलाही हीच गंमत आहे.

हा दर थोडाच वेळ धरून ठेवलेला असतो. तेवढ्या वेळात तुम्ही पिन दिला नाही तर व्यवहार बाद होतो आणि नव्याने स्कॅन करावं लागतं. कारण साधं आहे. दर धरून ठेवणाऱ्याने तेवढा वेळ बाजाराचा धोका अंगावर घेतलेला असतो, आणि तो फुकट किती वेळ घेणार?

साडेतीन हजारांच्या बिलाचं गणित

खालचे दर फक्त उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही जाल त्या दिवसाचे वेगळे असतील. दोन्ही बाजूंचा हिशेब डॉलरमध्ये मिटतो असं धरू. समजा बाजारात एका डॉलरला श्रीलंकेचे ३०० रुपये आणि आपले ८६ रुपये पडतात. त्या हिशेबाने ३,५०० रुपयांचं बिल ११.६७ डॉलर, म्हणजे आपले १,००३ रुपये ३३ पैसे.

पण बाजारातला मधला दर तुम्हाला मिळत नाही. श्रीलंकेकडची बँक डॉलर घेऊन त्यांचे रुपये देताना ३००ऐवजी २९८ धरते. ३,५०० भागिले २९८ म्हणजे ११.७४५ डॉलर. इकडची बँक डॉलर विकताना ८६ऐवजी साडेशहाऐंशी लावते. झाले १,०१५.९४ रुपये. त्यावर तुमच्या बँकेचा एक टक्का धरला तर १०.१६. खात्यातून १,०२६ रुपये १० पैसे कापले जातात. मधल्या दरापेक्षा २२ रुपये ७७ पैसे जास्त, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून थोडं अधिक.

यातला एक टक्काच 'शुल्क' म्हणून दिसतो. बाकीचं दरातच मुरलेलं असतं. दोन ॲप किंवा दोन बँका ताडून पाहायच्या असतील तर शुल्काची ओळ बघू नका. अंतिम रुपये भागिले बिलाची रक्कम करा आणि तेच ताडा. दोन बँकांचा वरचा टक्का सारखा असूनही हा भागाकार वेगळा येऊ शकतो.

डॉलर मध्ये आला की दोनदा अदलाबदल होते आणि दोनदा फरक द्यावा लागतो. आग्नेय आशियात यावर तोडगा काढलेला आहे. इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड यांच्या मध्यवर्ती बँकांनी ठरावीक बँकांना परस्परांच्या चलनांत थेट दर द्यायला नेमलं. त्यामुळे रुपिया आणि रिंगिट यांच्यातला व्यवहार डॉलरला वळसा न घालता होतो. त्यासाठी दोन्ही बाजूंनी पुरेशी उलाढाल लागते. एकाच बाजूचे पर्यटक जास्त असतील तर थेट दर देणाऱ्या बँकेकडे एकच चलन साचत जातं, आणि ते खपवायला तिला शेवटी डॉलरकडेच यावं लागतं.

पिन दिल्यानंतर

पिन बरोबर असेल तर आधी तुमच्या बँकेत रक्कम वजा होते. वजा झाल्याचा निरोप एनपीसीआयला मिळाल्यावर मगच 'दुकानदाराला जमा करा' असा निरोप पलीकडे जातो. तिकडून होकार आला की दोन्ही टोकांना यशाची खूण दिसते. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आधी पलीकडे जमा केलं आणि मग तुमच्या खात्यात शिल्लकच नाही असं निघालं, तर नुकसान कुणी सोसायचं याला उत्तर नाही. पण त्याच क्रमामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नातली अडचणही जन्माला येते, तिच्याकडे पुढे येतो.

परदेशात जाणाऱ्या या निरोपांसोबत माहितीही बाहेर जाते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८च्या आदेशानुसार पेमेंटची माहिती भारतातच साठवायची असते. परदेशी टप्प्यापुरती मात्र ती त्या देशातही ठेवता येते. म्हणून पलीकडे व्यवहाराला लागेल तेवढंच पाठवायचं, हे जोडणी आखतानाच ठरवावं लागतं.

पैसा केव्हा आणि कुठून हलतो

एकेका जेवणासाठी कुणी डॉलर खरेदी करत बसत नाही. दिवसभरात भारतीयांनी तिथे किती खर्च केला, त्यातून परतावे किती वजा झाले, याची एकच निव्वळ रक्कम काढतात. आपल्याकडे तुमच्या बँकेकडून ती रुपयात गोळा होते. परकीय चलनाचा परवाना असलेली बँक त्याचं हिशेबाच्या चलनात रूपांतर करते आणि पलीकडच्या बँकेतल्या खात्यात भरते. तिथून दुकानदारांच्या बँकांना त्यांच्या रुपयात वाटप होतं. दुकानदाराला पैसे त्याच दिवशी की दुसऱ्या दिवशी, हे त्याच्या बँकेशी असलेल्या करारावर ठरतं. त्याच्या पासबुकात भारत कुठेच दिसत नाही.

आता अडचण वेळेची. यूपीआय रविवारी पहाटे तीनलाही चालतं. परकीय चलनाचा बाजार चालत नाही. श्रीलंकेत तर दर पौर्णिमेला पोया असतो आणि त्या दिवशी बँका बंद असतात. पर्यटक मात्र पोयाच्या दिवशीही खातात-पितात. म्हणून पलीकडे आधीच काही रक्कम ठेव म्हणून ठेवलेली असते, किंवा तेवढ्या रकमेची हमी असते. जोडणी टिकते ती या ठेवीवर.

आकडे काल्पनिक घेऊ. समजा भारतीय पर्यटकांचा रोजचा खर्च त्यांच्या ९० लाख रुपयांचा, म्हणजे ३० हजार डॉलर. ठेव आहे एक लाख डॉलरची. गुरुवारपर्यंतचा हिशेब शुक्रवारी मिटला. शुक्रवार, शनिवार आणि रविवारचे मिळून ९० हजार डॉलर साचले, ते सोमवारी मिटायचे. पण सोमवारी पोया आला. आता उरले दहा हजार. रोजच्या वेगाने तेवढे सोमवारी दुपारच्या जेवणापर्यंतही पुरायचे नाहीत. मर्यादा संपली की यंत्रणा नवे व्यवहार नाकारू लागते. तुमच्या खात्यात पैसे आहेत, स्टिकर ठीक आहे, इंटरनेट आहे, तरी व्यवहार होत नाही.

हे ओळखायचं कसं? पैसे न कापताच नकार येतो, आसपासच्या सगळ्या भारतीयांना एकाच वेळी येतो, आणि त्याच दुकानात स्थानिक माणसाचं ॲप मजेत चालतं. असं दिसलं की कार्ड काढा. आखणी करताना म्हणूनच दोन्ही देशांच्या सुट्ट्यांची यादी शेजारी-शेजारी ठेवून सर्वांत लांब बंद काळ शोधतात आणि ठेव त्यावर ठरवतात. सरासरी दिवसाच्या खर्चावर ठरवली की नेमकी गर्दीच्या सुट्टीत ती तोकडी पडते. उलट ठेव फार मोठी ठेवली तर तेवढा पैसा पडून राहतो आणि त्याचं व्याज कुणीतरी सोसतं. शेवटी ते तुमच्या दरातच येतं.

ही सगळी व्यवस्था दोन देशांपुरती. दहा देशांना एकमेकांशी असं जोडायचं तर ४५ जोडण्या लागतील. हे टाळण्यासाठी मध्यवर्ती बँकांची संस्था असलेल्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पुढाकाराने नेक्सस नावाची सामाईक जोडणी आखली गेली. तीत भारताबरोबर मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड आहेत. तिच्यामुळे तांत्रिक तारा कमी होतील. ठेवीचा आणि सुट्ट्यांचा प्रश्न मात्र तारा कमी करून सुटत नाही, असं माझं मत.

जाताजाता एक गोष्ट. तुम्हाला तिथे पैसे देता येतात म्हणून तिथल्या पाहुण्याला कुलाब्यात त्याच्या ॲपने देता येतील असं गृहीत धरू नका. प्रत्येक दिशेचा करार वेगळा असतो. शिवाय आपल्या स्टिकरमधली ती `upi://` ओळ त्याच्या ॲपला वाचताच येत नाही, ती ओळखायला त्याच्या ॲपमध्ये आधी बदल करावा लागतो. म्हणून परदेशी पाहुण्यांसाठी २०२३मध्ये यूपीआय वन वर्ल्ड आलं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून इथेच पाकीट उघडायचं, त्यात रुपये भरायचे आणि तेच वापरायचं. सोय चांगली आहे, पण ती दोन देशांची जोडणी नव्हे.

मध्येच अडकलं तर

आता तुमचा दुसरा प्रश्न. तीन वेगवेगळ्या स्थिती असतात आणि तिन्हींत पैसे वेगळ्या ठिकाणी असतात.

पिन दिल्यावर लगेच नकार आला आणि बँकेचा वजावटीचा एसएमएसही नाही, तर काहीच हललेलं नाही. पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही.

रक्कम वजा झाली आणि पलीकडच्या बँकेने स्पष्ट 'नाही' म्हटलं, तर उलटी नोंद आपोआप निघते. पैसे मधल्या काळात तुमच्याच बँकेच्या हिशेबी खात्यात असतात, देशाबाहेर गेलेले नसतात. बहुतेक वेळा लवकर परत येतात.

तिसरी स्थिती त्रासाची. रक्कम वजा झाली, निरोप पलीकडे गेला आणि उत्तरच आलं नाही. दुकानदाराकडे जमा झाली आणि होकार वाटेत हरवला, की निरोप पोहोचलाच नाही, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. ॲपवर 'प्रलंबित' दिसतं. इथे यंत्रणा घाईने पैसे परत करत नाही. कारण दुकानदाराला ते मिळालेले असतील तर तेवढी रक्कम कुणाच्या तरी खिशातून जाईल. दोन्ही बाजूंच्या दिवसअखेरच्या याद्या जुळवल्या की उलगडा होतो: यादीत व्यवहार दोन्हीकडे असेल तर यशस्वी, फक्त आपल्याकडे असेल तर परतावा. दोन देशांचा दिवस एकाच क्षणी बदलला तरी याद्या बंद करण्याची वेळ वेगळी असू शकते. रात्री उशिराचा व्यवहार मग एका यादीत आजचा आणि दुसरीत उद्याचा ठरतो. असे व्यवहार जुळायला हमखास एक दिवस जास्त लागतो.

अशा वेळी दुकानदाराला आपल्या ॲपवरचा पडदा दाखवून उपयोग नसतो. त्याला त्याच्या बँकेचा संदेश आला आहे का, तेवढंच विचारा. नसेल तर दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. रोख द्या किंवा कार्ड वापरा, आणि बिलाची पावती ठेवा. नंतर पहिला व्यवहार यशस्वी ठरला तर ही पावती आणि ॲपमधला १२ अंकी व्यवहार क्रमांक या दोन गोष्टींवरच तुमचा दावा उभा राहतो. तक्रार ॲपमधून त्या व्यवहारावरच नोंदवा. तिथून ती तुमच्या बँकेकडे जाते. कोलंबोतल्या बँकेत जाऊन विचारलं तर ती तुमचं ऐकणार नाही, कारण तिचे ग्राहक तुम्ही नाही.

आणखी एक गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकामुळे यूपीआयने दुकानात दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत परत आणि पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हे बऱ्याच जणांना पाठ असतं. पण ती चौकट पैसे देणारा आणि घेणारा दोघेही भारतात असतील अशा व्यवहारांसाठी आहे. कोलंबोच्या बिलावर त्या शंभर रुपयांचा हट्ट धरता येत नाही. तिथे दोन संस्थांमधल्या करारातली मुदत लागू होते.

परतावा हा याचाच भाऊबंद. समजा हॉटेलने खोली रद्द केली आणि ३,५०० परत केले. दुकानदार त्याच्या चलनात तेवढेच देतो. तुमच्या खात्यात मूळ १,०२६ येतील की त्या दिवसाच्या दराने होतील तितके, हे करारावर आहे. दर त्या दिवशीचा लागला आणि मधल्या दिवसांत आपला रुपया वधारला असेल तर थोडे कमी येतील. शिवाय तुमच्या बँकेने घेतलेला टक्का परत येतोच असं नाही. म्हणून मोठी आगाऊ रक्कम, विशेषतः रद्द होऊ शकणारं बुकिंग, अशा क्यूआरवर देऊ नये असं मी सांगेन.

निघण्याआधी

यूपीआयचा परदेशी वापर मुळात बंद असतो. तो ॲपमध्ये त्या-त्या बँक खात्यासाठी तुम्हीच चालू करायचा, पिन देऊन. तो ठरावीक मुदतीसाठीच चालू राहतो आणि मुदत संपली की आपोआप बंद होतो. सहल लांबली तर शेवटच्या दिवसांत अचानक नकार येऊ लागतो तो अनेकदा यामुळे. सगळ्या बँका यात नाहीत. तुमच्या खात्यासमोर तो पर्याय दिसतो का, हे मुंबईतच बघून घ्या.

दुसरी गोष्ट सिमची. यूपीआय ॲप तुमच्या नोंदलेल्या नंबराशी आणि त्या फोनशी बांधलेलं असतं. विमानतळावर उतरल्या उतरल्या स्वस्त डेटासाठी आपलं सिम काढून स्थानिक सिम घातलं, की ॲप पुन्हा पडताळणी मागू शकतं. त्या पडताळणीत तुमच्याच नंबरावरून एसएमएस जावा लागतो, आणि तो रोमिंग चालू नसेल तर जात नाही. दोन सिमचा फोन असेल तर आपलं सिम आत राहू द्या आणि स्थानिक सिम दुसऱ्या खाचेत घाला. डेटा कुठल्याही सिमचा किंवा हॉटेलच्या वायफायचा चालतो. एकाच सिमचा फोन असेल तर आपल्याच नंबराचं रोमिंग घेणं बरं, भले थोडं महाग पडो.